चाखण्याची बरणी

सत्तावीस वर्षांपूर्वी मी परसात चादरी वाळत घालत होते, तेव्हा भिंतीपलीकडचं, डिग्ना आणि तिच्या नवऱ्याचं, भांडण कानावर आलं. कान लावून ऐकलं असं मी म्हणणार नाही. पण चादरी दोनच होत्या आणि त्या वाळत घालायला मला अर्धा तास लागला, हे खरं.

"दोन किलो खिमा शिजवला होता, निकानोर! दोन किलोत साठ कारिमान्योला होतात. आज झाल्या अठ्ठेचाळीस. बारांचा खिमा घुशीने नेला का?"

"मला काय विचारतेस? पहाटेपासून स्वयंपाकघरात तू आहेस."

"म्हणजे मी खाल्ला? मी? सकाळपासून पाण्याचा थेंब नाही माझ्या तोंडात! कुमारी मातेची शपथ!"

"मग मी खाल्ला?"

"घरात तिसरं कोण आहे? मांजर? मांजराला झाकण उघडता येतं?"

त्या दिवशी निकानोर स्वयंपाकघराबाहेर पडला तो पडलाच. "चोराचं तिथे काय काम?" म्हणाला, आणि परत कधी त्याने त्या उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही. पाणीसुद्धा बाहेरच्या माठातलं पितो. आणि डिग्नाने काय केलं? रोज संध्याकाळी गाडी आवरली की दोन कारिमान्योला ताटलीत घालायच्या, चिंचेखाली डॉमिनो खेळत बसलेल्या नवऱ्यासमोर ठेवायच्या आणि म्हणायचं, "ह्या तुझ्या दोन. मोजून." त्याने सोंगटीवरची नजर न काढता म्हणायचं, "मोजून मिळाल्या." सत्तावीस वर्षं. पाद्रीबुवांची प्रार्थना चुकली असेल, हे चुकलं नाही.

डिग्ना एस्तेर माझी शेजारीण. कोलंबियातल्या बारान्कियाच्या आमच्या गल्लीत तिची तळणाची गाडी. युकाचा कंद उकडून, ठेचून, आत खिमा किंवा खारं चीज भरून ती कारिमान्योला तळते. मक्याची अरेपा तळून, फुगली की तिचं पोट फाडून आत अंडं सोडते आणि परत तळते. मी बाजूला झुलत्या खुर्चीत बसून तिला युका सोलून देते. माझी मुलं दूर गेली, आणि हातांना काहीतरी लागतंच.

गेल्या वर्षी डिग्नाचा उजवा गुडघा गेला. हाडांच्या डॉक्टरने फोटो काढला आणि सांगितलं, नवा सांधा बसवावा लागेल, पण आधी वजन उतरवायला लागा. आहारवाल्या बाईची चिठ्ठी आणा की तुम्ही खरंच सुरुवात केलीय, मग तारीख देतो. गाडीवर दिवसाचे आठ तास उभं राहायचं असतं. गुडघा नाही तर गाडी नाही, आणि गाडी नाही तर डिग्ना म्हणजे नुसती ओरडणारी बाई. तिने स्वतःच असं सांगितलं.

मग काय, गल्ली कामाला लागली. एकीने काकडीचं पाणी सांगितलं, दुसरीने अनाशेपोटी व्हिनेगर. औषधाच्या दुकानातल्या माणसाने एक चहा दिला, ज्याने वजन सोडून बाकी सगळं उतरतं. सगळ्यात मोठं शहाणपण जावयाचं. आर्लेय मोबाईल दुरुस्त करतो आणि त्याला कार्निव्हलच्या नाचात शर्ट काढून नाचायचं होतं.

"सासूबाई, हे सगळं सोडा. शास्त्रीय पद्धत घ्या," तो म्हणाला. "मॅक्रो मोजायचे. प्रथिनं, पिष्ट आणि स्निग्ध. शरीर हे तीनच गोष्टी ओळखतं."

"माझं शरीर चीजसुद्धा ओळखतं," डिग्ना म्हणाली.

"चीजमध्ये प्रथिनं आणि स्निग्ध दोन्ही आलं. फोनमध्ये घालायचं, फोन सांगतो किती उरलं."

सोमवारी दोघांची सुरुवात एकदमच झाली. आर्लेयने मासळीवाल्याकडून तराजू मागून आणला. डिग्ना माझा हात धरून दवाखान्यात गेली. निकानोरही आला, तिचा दुसरा हात धरून. तो मागच्या बाकावर बसला. बायकोला आधार द्यायला त्याची ना नसते, फक्त स्वयंपाकघरात यायला असते.

आहारवाल्या बाईचं नाव शिमेना. वरच्या डोंगरातल्या थंड गावची पोरगी, आमच्या उकाड्यात तिचे गाल टोमॅटोसारखे होतात. आम्ही बाराजण होतो तिच्या गटात, म्हणजे अकरा आजारी आणि मी. तिने प्रत्येकाला एक वही दिली.

"पहिले चौदा दिवस काहीही मोजायचं नाही," ती म्हणाली. "तराजू नाही, आकडे नाहीत. एका वेळी एकच सवय. ती अंगवळणी पडली की दुसरी. पहिली सवय, जे तोंडात जाईल ते लिहायचं. बदलायचं काही नाही. दोन वाट्या भात खात असाल तर दोन खा आणि दोन लिहा."

डिग्नाला हे फसवणुकीसारखं वाटलं. "काही बदलायचं नाही? मग मी बारीक कशी होणार? तुमची अक्षरं वाचून?"

"डिग्नाकाकू, ज्याला आपण काय खातो हेच माहीत नाही तो काय मोजणार? पंधराव्या दिवशी प्रत्येकाने आपल्या वहीतलं एक पान सगळ्यांसमोर वाचायचं. वही खरी आणि पूर्ण असेल तर मी हाडांच्या डॉक्टरला चिठ्ठी देईन. वजन किती उतरलं ते मी विचारणारसुद्धा नाही."

डिग्नाने मान हलवली. तिला वाटलं, हे तर सोपं. मलाही वाटलं.

तिचे हात सदा तेलकट, म्हणून वही माझ्याकडे आली. माझं अक्षर कोंबडी चिखलातून गेल्यासारखं आहे, पण मी लिहिलं. ती सांगेल तेवढं. सोमवार: काळी कॉफी, दुपारी सूप, भात, मासा. रात्री काही नाही. मंगळवार: कॉफी, सूप, भात. रात्री काही नाही. लिहिताना मी बघत होते. उकडलेल्या युकाची गोळी मीठ बघायला तोंडात. खिम्याचा चमचा. तळताना फुटलेली कड. नातवाने अर्धी टाकलेली अरेपा. चीजचा कोपरा. माझी नजर तिने पाहिली आणि म्हणाली, "काय बघतेस, तुलियाताई? मीठ चाखतेय." आमच्याकडे बसून, ताटात घेऊन खाल्लं तर ते जेवण. उभ्याने खाल्लं तर ते काम. मीसुद्धा असंच समजत आले. म्हणून मी काही लिहिलं नाही.

इकडे आर्लेयची शास्त्रीय पद्धत जोरात होती. त्याने भात शिजवला, शिजलेला भात मासळीच्या तराजूवर ठेवला, तीनशे ग्राम भरला. फोनमध्ये नोंद मात्र कच्च्या तांदळाची केली. फोनला काय माहीत की निम्म्याहून जास्त पाणी आहे? फोन म्हणाला, दिवसाचा अर्धा कोटा संपला. आर्लेय संध्याकाळपर्यंत उपाशी राहिला. दुसऱ्या दिवशी तसंच. गुरुवारी सहा वाजता तो गाडीवर आला, डोळे आत गेलेले, आणि उभ्याने सात कारिमान्योला खाल्ल्या.

"फोनला विचारलंस का?" डिग्नाने विचारलं.

"फोनची बॅटरी संपलीय," तो म्हणाला. फोन त्याच्या खिशात वाजत होता.

मासळीवाल्याला तराजू शुक्रवारी परत मिळाला. तराजूला भाताचा वास येत होता, अशी त्याची तक्रार.

त्याच शुक्रवारी आम्ही दवाखान्यात गेलो. शिमेनाने वही चाळली, मग परत चाळली.

"एवढंच?"

"एवढंच," डिग्ना म्हणाली.

"डिग्नाकाकू, एवढं खाणाऱ्या माणसाला खुर्चीतून उठायची ताकद राहत नाही. आणि तुम्ही तर दारातल्या शिपायाला आत्ता इतकं बोललात की तो अजून हसत नाहीये."

"त्याने रांग चुकवली."

"गाडीवर चाखता का काही?"

"चाखायला नको? मीठ कमी पडलं तर गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीत जातं. पण ते काही खाणं नाही, डॉक्टरीणबाई. ते माझं काम आहे."

शिमेना रागावली नाही. रागावली असती तर डिग्ना तिला पुरून उरली असती. ती म्हणाली, "बरोबर आहे, काम आहे. मग कामाचंही लिहूया. एक रिकामी बरणी घ्या. तुम्ही जेवढं चाखाल, तेवढाच दुसरा तुकडा बरणीत टाका. एक दिवस. शनिवारी करा, शनिवारी गर्दी असते ना? ही सवय नाही, नुसतं बघायचंय. दुसरी सवय मी आज देत नाहीये, पहिलीच अजून जमलेली नाही."

शनिवारी मी लोणच्याची मोठी बरणी धुऊन आणली. पहाटे पाचला पहिली युकाची गोळी डिग्नाच्या तोंडात गेली, तेवढीच बरणीत गेली. सहाला खिमा. सातला फुटलेली कड, मग अंड्याचा पांढरा भाग, मग चीज, मग परत खिमा, कारण पहिल्यांदा चाखलं तेव्हा कांदा जास्त वाटला होता. दुपारी बाराला बरणी गळ्यापर्यंत भरली. झाकण दाबून लावलं तरी बसेना.

डिग्नाने बरणी उन्हात धरून पाहिली, जणू आत कोणी बुडून मेलंय.

"तू जास्त टाकलंस, तुलियाताई."

"टाकलंस तू. मी फक्त बसले होते."

"हिच्यात बारांचा खिमा तरी असेल," ती बोलून गेली. आम्ही दोघींनी एकाच वेळी चिंचेच्या झाडाकडे पाहिलं. तिथे निकानोर पाठमोरा बसून सोंगट्या पिसत होता.

"वहीत लिही," ती म्हणाली, "चाखलं: थोडं."

"बरणीभर."

"थोडं लिही म्हणते ना!"

"खोटी वही घेऊन चिठ्ठी मिळणार नाही, डिग्ना. ती पोरगी दिसते मऊ, पण ती आतून युका आहे. कच्ची."

"आणि खरं लिहिलं तर? पंधराव्या दिवशी वाचायचंय सगळ्यांसमोर. मागच्या बाकावर कोण बसतं? सत्तावीस वर्षं मी त्याला मोजून देतेय!"

"गुडघा निकानोरचा आहे का तुझा?"

तिने झारा तेलात असा आपटला की माझ्या झग्यावर थेंब उडाले. त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी ताटली घेऊन लंगडत चिंचेखाली गेली. "ह्या तुझ्या दोन. मोजून." "मोजून मिळाल्या." मी वहीत लिहिलं: चाखलं, लोणच्याची एक बरणी, गळ्यापर्यंत. बरणीतलं कोपऱ्यावरच्या कुत्र्याने खाल्लं आणि तो दोन दिवस झोपून होता.

सोमवारी शिमेनाने ते पान वाचलं आणि तिचे गाल आणखी लाल झाले. आनंदाने. "आता हातात खरं काहीतरी आलं," ती म्हणाली. "हे एका चांगल्या जेवणापेक्षा जास्त आहे, डिग्नाकाकू. पण चाखू नका असं मी सांगणार नाही. आता दुसरी सवय. सकाळी शेगडी पेटवायच्या आधी खाली बसायचं आणि ताटलीत नाश्ता करायचा. त्यात तळहाताएवढं प्रथिन, म्हणजे दोन अंडी, किंवा मासा, किंवा चीज. बाकी जसं आहे तसं."

"नाश्त्याला मला वेळ नसतो."

"मग पाच मिनिटं लवकर उठा. आणि हो, लिहिणं चालूच."

डिग्ना मला घरी येताना म्हणाली, "आता ही मला अजून जास्त खायला सांगतेय. हिचं डोकं थंडीत गोठलंय." पण मंगळवारी तिने केलं. पायरीवर बसून दोन अंडी आणि एक छोटी अरेपा. तिला बसून खाताना मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. बसल्यावर तिला काय करावं तेच कळेना, रस्त्यावरच्या प्रत्येकाला "काय बघतोस?" म्हणत खाल्लं.

आणि बघा, गंमत अशी की त्या दिवशी युकाची गोळी तिने जिभेवर टेकवली, मीठ बघितलं आणि दुसरी उचलली नाही. भूक नव्हती. बुधवारी खिमा एकदाच चाखला. आम्ही बरणी परत ठेवून पाहिली, कोणी सांगितलं नव्हतं तरी. बारा वाजता ती अर्धीसुद्धा नव्हती. कुत्रा बसून राहिला आणि शेवटी रागाने निघून गेला.

"कमी खा असं कोणी म्हटलं नव्हतं," डिग्ना मला म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार होती, जणू कोणी तिच्या खिशातून काही काढून घेतलंय आणि ते कधी घेतलं ते तिला कळलं नाही.

शुक्रवारी तिसरी सवय मिळाली. गुळाचं थंड पाणी ती दिवसभर घोट घोट पीत असे, मोठ्या जगने. शिमेना म्हणाली, एक पेला ठेवा, तुम्हाला आवडेल तेव्हा प्या, बाकी साधं पाणी. ह्यावर मात्र डिग्ना भांडली. गुळाचं पाणी म्हणजे काही खाणं नाही, ते पाणी आहे, त्याच्या नावातच पाणी आहे. मग माझ्याकडे पाहून थांबली आणि म्हणाली, "बरं, बरं. बरणी नको."

पहिले दोन दिवस डोकं दुखतंय म्हणाली. सोमवारपर्यंत विसरली होती.

पंधरावा दिवस. गटात आता नऊजण उरले होते. ज्यांनी पहिल्याच दिवशी सगळं सोडलं होतं, भात, भाकरी, गोड आणि हसणं, ते तिघेही आले नव्हते. आर्लेय मात्र आला होता, दारात उभा राहिला. "सहज आलोय," म्हणाला. मागच्या बाकावर निकानोर टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता.

डिग्नाची पाळी आली. वही माझ्या हातात होती. मी चष्मा लावायला लागले तर तिने माझ्या हातातून वही काढून घेतली.

"ताईला नीट दिसत नाही," ती म्हणाली. मला चांगलं दिसतं. "मीच सांगते."

तिने वही उघडली, पण वहीकडे पाहिलं नाही. गुडघा धरून उभी राहिली.

"शनिवार. कॉफी. सूप, भात, तळलेला मासा. आणि चाखलं, लोणच्याची बरणी, गळ्यापर्यंत." खोलीत कोणी हसलं, तिने तिकडे अशी नजर टाकली की ते हसू तिथेच मेलं. "मी पन्नास वर्षं तळते. मला वाटायचं माझ्या तोंडात सकाळपासून काही जात नाही. शपथेवर सांगायचे मी. खोटं बोलत नव्हते, मला खरंच वाटायचं. पण बारांचा खिमा जातो. दोन किलोला बारांचा." तिने वही मिटली. "तो दुसऱ्या कोणी खाल्ला नव्हता."

आहारवाल्या बाईला काही कळलं नाही. बाकीच्यांनाही नाही. मी मागे वळून पाहिलं. निकानोरने टोपी डोक्यावर घातली, मग काढली, मग परत घातली.

"मी तेव्हाच म्हणालो होतो," तो शेवटी म्हणाला. "मांजराला झाकण उघडता येत नाही."

"ते मी म्हणाले होते," डिग्ना म्हणाली.

"हो का? बरं."

शिमेनाने चिठ्ठी लिहिली, शिक्का मारला. मग टेबलाखालून एक छोटा सपाट तराजू काढला आणि डिग्नाच्या हातात दिला. "आता मोजायला लागू. प्रथिनं, पिष्ट, स्निग्ध. आधी फक्त प्रथिनं, घाई नाही. आणि काकू, भात शिजलेला तोलला तर शिजलेलाच लिहायचा."

दारातून आर्लेय म्हणाला, "अरे देवा," आणि डोक्याला हात लावला.

त्या दुपारी हाडांच्या डॉक्टरकडे चिठ्ठी गेली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख मिळाली, त्याआधी आणखी थोडं वजन उतरवायचं ह्या अटीवर. डिग्नाने तारीख एप्रनच्या खिशात घातली आणि गाडी लावली, कारण संध्याकाळची गिऱ्हाइकं कोणाच्या गुडघ्यासाठी थांबत नाहीत. आर्लेयने येऊन वही मागितली. माझी नाही, कोरी. मी त्याला कोरी दिली आणि वर लिहून दिलं: पहिले चौदा दिवस फोन बंद.

सहा वाजता तेल उतरलं, कढई पुसली. डिग्नाने दोन कारिमान्योला ताटलीत घातल्या, एकीची कड जराशी फुटली होती. फुटलेला तुकडा तिने बोटात धरला, पाहिला, आणि ताटलीत परत ठेवला. मग लंगडत चिंचेखाली गेली आणि सोंगट्यांच्या बाजूला ताटली ठेवली.

"ह्या तुझ्या दोन. मोजून."

निकानोरने सोंगटीवरची नजर काढली नाही.

"मोजून मिळाल्या," तो म्हणाला.